शाळेचा एक तास कितीला पडला?

तुमच्या कॉलेजच्या वाचनकट्ट्यावर आनंद यादवांची 'झोंबी' घ्यायचं ठरलं, तर पहिल्या दहा मिनिटांत काय होणार ते आत्ताच सांगून ठेवतो. कुणीतरी म्हणेल, "खूप इन्स्पायरिंग आहे यार." दुसरं कुणीतरी म्हणेल, "हो ना, आपण किती लकी आहोत." मग दोन मिनिटं शांतता. मग चहा. पुस्तक बंद.

आमच्या कट्ट्यावर अगदी असंच झालं. पण त्यानंतर सेकंड इयरच्या एका मुलीनं एक साधा प्रश्न विचारला: "हा मुलगा शाळेत बसलेला असताना उसाला पाणी कोण पाजतंय?" त्या एका प्रश्नावर आम्ही तीन बैठका बोललो. तुमच्याही कट्ट्याला उपयोग होईल म्हणून त्या तीन बैठकांतलं महत्त्वाचं इथे मांडतोय.

आधी थोडी ओळख. 'झोंबी' 1987 साली आली आणि 1990 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक तेच, ज्यांच्या 'नटरंग' कादंबरीवर अतुल कुलकर्णीचा सिनेमा आला होता. कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल, काळ 1940च्या दशकाच्या आसपासचा, आणि शेतकऱ्याच्या घरातला थोरला मुलगा आनंदा. वडिलांनी पाचवीत शाळा सोडायला लावून शेतावर जुंपलेला. त्याला परत शाळेत जायचंय. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, म्हणजे आनंदा बऱ्याच अंशी स्वतः यादवच. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. तुमच्यातले जे सीबीएसईचे असतील त्यांनी याचा एक तुकडा बारावीच्या हिंदीत 'जूझ' या नावानं वाचलाही असेल.

आधी टाइमटेबल मांडा

पुस्तकात एक प्रसंग आहे. आनंदाला शाळेत पाठवायला वडील अखेर तयार होतात, पण अटी घालतात. दिवस उगवायला शेतावर हजर राहायचं. अकरा वाजेपर्यंत पाणी पाजायचं. दप्तर सकाळीच बरोबर न्यायचं, म्हणजे तिथूनच परस्पर शाळा गाठता येईल. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून पुन्हा शेतावर यायचं आणि तासभर गुरं चारायची. आणि शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची: शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका. फळ्यावर लिहा. सूर्य सहाला उगवतो असं धरलं, तर सहा ते अकरा म्हणजे पाच तास शेत. शाळा अकरा ते पाच धरली तर सहा तास. मग एक तास गुरं. बेरीज केली तर सहा तास शेताचे आणि सहा तास शाळेचे. बारा तासांचा दिवस बरोबर मधोमध कापलेला. यात शेतावरून शाळेत जायला लागणारा वेळ धरलेला नाही, जेवण धरलेलं नाही. आणि अभ्यास? त्याला या कागदावर जागाच नाही.

आमच्या कट्ट्यावर हे फळ्यावर आलं आणि बोलणं एकदम बदललं. कारण आता 'कष्ट करून शिकला' हे वाक्य मोघम राहिलं नव्हतं. शेवटच्या अटीकडे तर नीट बघाच. वडिलांनी शाळेला 'हो' म्हटलंय, पण ते 'हो' रोज मागे घेता येईल असं आहे. शेताला हात लागले की शाळा रद्द. त्या घरात शाळा म्हणजे कामातून उरलेला वेळ, आणि काम उरतं की नाही हे ठरवणार दुसराच कुणी.

"सर, हे तर माझं टाइमटेबल आहे," 'कमवा आणि शिका'त काम करणारा एक मुलगा म्हणाला. त्याचे लायब्ररीत रोजचे तीन तास लागतात. पण त्यानंच पुढे फरकही सांगितला: "मला तासांचे पैसे मिळतात, आणि ते माझ्या हातात येतात. आनंदाचे तास घरात जिरतात." हा फरक मोठा आहे. घरच्या शेतात राबणाऱ्या पोराला मजुरी नसते, म्हणून त्याच्या श्रमाची किंमत कुणालाच दिसत नाही. ती दिसते फक्त तो शाळेत निघाला की, कारण मग त्याच्या जागी कुणालातरी उभं राहावं लागतं.

शिकायचं का, याचं उत्तर आधी पैशातच येतं

आपल्याला वाटतं, लेखक होणाऱ्या मुलाला लहानपणापासून ज्ञानाची वगैरे ओढ असणार. पुस्तक तसं सांगत नाही, आणि इथेच ते फार प्रामाणिक आहे. आनंदाच्या डोक्यातला पहिला विचार सरळ हिशेबाचा आहे. आजोबांच्या वेळी जे होतं ते वडिलांच्या वेळी राहिलं नाही. जन्मभर मातीत राबलं तरी हाती काही लागणार नाही, शेती उलट खड्ड्यात घालतेय. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हाती येतील, त्यातून एखादा धंदा करता येईल.

शाळेची गोष्ट तो काढतो तीही वेळ बघून. वडील गावात इतरांच्या आधी गुऱ्हाळ लावतात, कारण बाजारात गूळ कमी असतो तेव्हा भाव चांगला मिळतो. बाकीचे ऊस अजून थोडा उभा ठेवतात, म्हणजे गूळ जास्त निघतो. हा तपशील कादंबरीत उगाच आलेला नाही. गुऱ्हाळ लवकर उरकलं की शेतातलं काम ओसरतं, आणि काम ओसरलं की शाळेचा विषय काढायला फट मिळते. पोरगं ऊस, गूळ, भाव, हंगाम यांच्या मधून स्वतःसाठी दिवस शोधतंय. शेणी वाळत घालणाऱ्या आईजवळ जाऊन तो बोलतो, तेव्हा त्यानं वेळेचं गणित आधीच मांडलेलं असतं.

म्हणून तुमच्या कट्ट्यावर कुणी "त्याला शिक्षणाची आवड होती" असं म्हणालं, तर विचारा: कधीपासून? आवड येते, पण नंतर. आधी येते ती भीती, की हे असंच चालू राहिलं तर आपलंही वडिलांसारखंच होणार.

वाड्याचा दरवाजा

आता पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. आईला माहीत आहे की नवऱ्यापुढे तिचं काही चालणार नाही. म्हणून मायलेक गावातल्या वजनदार असामीकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात. आपण येऊन गेलो हे वडिलांना कळू देऊ नका, असंही सांगून येतात. मग देसाई वडिलांना बोलावून घेतात आणि चांगलं फैलावर घेतात. पोराला शेतात जुंपून स्वतः गावभर मोकळं फिरायला मिळतं म्हणून त्याची शाळा बंद केलीस, हा त्यांचा आरोप. घरात ज्या माणसाचा शब्द कुणी मोडत नाही, तो वाड्यावर मान खाली घालून ऐकून घेतो.

हा प्रसंग वाचताना सगळे खूश होतात. आम्हीही झालो. खलनायकाला कुणीतरी बरोबर सापडल्यासारखं वाटतं. पण थांबा आणि विचारा: आनंदाला शाळा कुणामुळे मिळाली? कायद्यामुळे नाही, मास्तरांमुळेही नाही. वडिलांपेक्षा वरच्या माणसानं दरडावलं म्हणून मिळाली. ज्या उतरंडीनं हे घर खाली दाबून ठेवलंय, तिचीच एक वरची पायरी आईनं हुशारीनं वापरली. देसायांचा त्या दिवशी मूड नसता तर?

इथे इतिहासातली एक गोष्ट जोडून बघा. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचं पाऊल उचललं होतं. शाहूंचा जन्मही कागलच्याच घाटगे घराण्यातला. पण ती गोष्ट प्राथमिक शिक्षणाची होती आणि आनंदा अडतोय पाचवीच्या उंबऱ्यावर. घरात शेतावर हात हवेत हे कारण कुठल्याही जाहीरनाम्यानं आपोआप पुसलं जात नाही. देशभर सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो 2009च्या कायद्यानं, जो 2010 पासून लागू झाला. म्हणजे आनंदासारख्या पोराला वाड्यावर जाऊन जे मागावं लागलं, ते हक्क म्हणून कागदावर यायला आणखी साठेक वर्षं गेली.

वडिलांबद्दल आमच्याकडे खरं भांडण झालं. एक मुलगा म्हणाला, "तो गरीब नाहीये, तो आळशी आहे. पोराला राबवतो आणि स्वतः हिंडतो." दुसरी म्हणाली, "पण एक माणूस कमी झाला तर शेत बसेल, हे पण खरंच आहे ना?" माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे आणि कादंबरी दोन्ही गोष्टी एकत्र दाखवते. गरिबीचा दाब घरावर बाहेरून येतो, पण घरात शिरल्यावर तो सगळ्यांवर सारखा वाटला जात नाही. तो खाली सरकतो. बापाकडून बाईवर, थोरल्या पोरावर. वर्ग म्हणजे फक्त श्रीमंत विरुद्ध गरीब असं समजून हे पुस्तक वाचलंत तर ही घरातली उतरण हातातून निसटेल. आणि आईचे तास कुणी मोजायचे? तिच्या दिवसाचं टाइमटेबल फळ्यावर मांडायला घ्या. कादंबरीत ते कुठेही एका जागी दिलेलं नाही, इकडून तिकडून वेचावं लागतं. हे वेचणं हाच चर्चेचा चांगला अर्धा तास आहे.

वर्गात बसल्यावर खरा वर्ग दिसतो

शाळेत परत गेल्यावरचा पहिला दिवस वाईट जातो. बरोबरची मुलं पुढे गेलेली, वर्गातली मुलं वयानं लहान आणि अनोळखी. आनंदाच्या अंगावर धोतर, डोक्याला रुमाल. चव्हाण नावाचा एक पोरगा तो रुमाल ओढून मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवतो, त्याच्या धोतराचीही थट्टा होते. त्याला परत शेतावर जावंसं वाटू लागतं. मग आई बाजारातून चड्डी आणि टोपी आणून देते.

आता बघा, फी भरून झाली, बापाची परवानगी मिळाली, तरी शाळेत शिरायला अजून एक तिकीट लागतं, आणि ते कपड्याचं असतं. नियमांच्या पुस्तकात ते लिहिलेलं नसतं. आमच्यातल्या हॉस्टेलवरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बूट, फोन, इंग्रजीचा अॅक्सेंट, कॅन्टीनमध्ये कोण कुणाबरोबर बसतं, अशी यादी त्यांनीच काढली.

पण पुढची गोष्ट अजून बारीक आहे. आनंदा वर्गातल्या वसंत पाटील नावाच्या हुशार मुलाकडे लक्ष ठेवतो. गणित तर तो बघतोच, शिवाय वसंत पुस्तकांना कव्हर कसं घालतो, दप्तर कसं नीट लावतो, अभ्यास करून कसा येतो, हेही बघतो. मग तो तसंच करायला लागतो. काही दिवसांत गणितं जमू लागतात, मंत्री मास्तरांच्या तासाला दोघं मिळून दुसऱ्यांची गणितं तपासू लागतात. शिक्षक त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारू लागतात, आणि अशी हाक त्याला पहिल्यांदाच ऐकू येते.

काही मुलं 'विद्यार्थी कसं असायचं' हे घरूनच शिकून येतात, काहींना ते शेजारच्या बाकाकडे चोरून बघत शिकावं लागतं. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं अशा घरून मिळणाऱ्या शिदोरीला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटलं. सेमिनारला हा शब्द कामाला येईल, पण तो आधी वापरू नका. आधी कव्हर घातलेलं पुस्तक दाखवा, मग शब्द सांगा. उलटं केलंत तर मुलं शब्दच घोकतात.

म्हशीची पाठ आणि मास्तरांचं दार

मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणतात, त्यात रंगून जातात. आनंदा शेतात पाणी पाजताना, गुरं राखताना त्या म्हणू लागतो. मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनी कविता केली, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की कवी हीसुद्धा आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं असतात, आणि ज्या वेलीवर कविता झाली ती तर आपण रोज बघतो. मग आपल्या शेतावर का होणार नाही? तो करून बघतो. कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीनं नाहीतर खडकावर दगडानं ओळी ओढायच्या, पाठ करायच्या आणि पुसायच्या.

आठवतंय, टाइमटेबलमध्ये अभ्यासाला जागा नव्हती? ती त्यानं इथे काढली. बापाच्या वाट्याच्या सहा तासांतून. आधी शेतात एकटं असणं त्याला खायला उठायचं, आता एकटं असलेलं बरं वाटतं, कारण मोठ्यानं गाता येतं. काम तेच, तास तेच, पण त्यांचा मालक थोडासा बदलला. चार पैसे मिळवण्यासाठी सुरू झालेलं शिक्षण या ठिकाणी वेगळं काहीतरी होतं, आणि कादंबरी ते भाषण न देता म्हशीच्या पाठीवर दाखवते.

शाळेच्या पाठ्यपुस्तकातला तुकडा इथेच संपतो, त्यामुळे तो गोड वाटतो. कादंबरी संपत नाही. ती पुढे मॅट्रिकपर्यंत जाते आणि ओढाताण चालूच राहते. ज्यांनी फक्त 'जूझ' वाचलंय त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते 'हॅपी एंडिंग' घेऊन बसतील.

वडिलांनी लिहिली असती तर?

शेवटच्या बैठकीत आम्ही 'झोंबी'शेजारी 'कोसला' ठेवली. भालचंद्र नेमाड्यांची 1963ची कादंबरी, कॉलेजात असताना कुणीतरी हातात देतंच. पांडुरंग सांगवीकरही गावाकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा. पण त्याच्या वडिलांकडे पैसा आहे आणि ते त्याला पुण्याला शिकायला पाठवतात. त्याला शिक्षण निरर्थक वाटू शकतं, तो नापास होऊ शकतो, गावी परत जाऊ शकतो. आनंदाला यातलं काहीच परवडणार नाही. तो नापास झाला तर त्या सहा तासांचा सौदाच मोडेल. कंटाळायचीही ऐपत लागते, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय आम्हाला दिसलं नव्हतं.

आणि एक शंका, जी तुम्हीही काढावी. 'झोंबी' लिहिणारा माणूस शिकून प्राध्यापक झालेला आहे. ज्याला लिहिता आलं त्याची बाजू आपल्यापर्यंत पोचली. वडिलांना लिहायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे ते या पुस्तकात फक्त मुलाच्या आठवणीतून बोलतात. ती आठवण खोटी आहे असं नाही, पण ती एका बाजूची आहे. आम्ही एक प्रयोग केला. वाड्यावरचा तोच प्रसंग प्रत्येकानं वडिलांच्या तोंडून अर्ध्या पानात लिहायचा. निम्म्या लोकांनी त्यांना माफ केलं, निम्म्यांनी नाही, आणि एकीनं त्यांना गप्पच ठेवलं. तिचं अर्धं पान कोरं होतं. त्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं.

तुमच्या कट्ट्यासाठी

पुस्तक जाडजूड आहे. सबमिशनच्या दिवसांत सगळे पूर्ण वाचतील अशी आशा ठेवू नका, तीन बैठका करा.

पहिलीत आई आणि वाड्याचा प्रसंग मोठ्यानं वाचा. संवाद कागलकडच्या बोलीत आहेत, तेव्हा त्या बाजूचं कुणी असेल तर त्यालाच वाचायला द्या. मग टाइमटेबल फळ्यावर मांडा.

दुसरीत वर्गातला पहिला दिवस, वसंत पाटील आणि सौंदलगेकर मास्तर. तुमच्या कॉलेजात न लिहिलेली तिकिटं कोणती, याची यादी करा. स्वतःचं सांगायची सक्ती कुणावरही करू नका. ज्याला बोलायचं तो बोलेल.

तिसरीत वडिलांचं अर्धं पान. वाचून दाखवायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर सोडा.

आणि "इन्स्पायरिंग" हा शब्द पहिल्या बैठकीपुरता बंद ठेवा. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. आमच्याकडे पहिल्याच दिवशी अकरा कटिंग वसूल झाले.